यादीत नसलेलं कपाट

पुण्यातल्या कोथरूडहून नागपूरला बिऱ्हाड हलवायचं म्हणजे सातशे किलोमीटरच्या आसपासचा पल्ला. फोनवर नुसतं ‘टू बीएचके’ म्हटलं की पॅकर्सवाला लगेच आकडा सांगतो. तो सहसा टिकत नाही, कारण पैसे खोल्यांचे नसतात, सामानाने गाडीत अडवलेल्या जागेचे असतात. म्हणून माळ्यापासून बाल्कनीतल्या कुंड्यांपर्यंत सगळं पाहून लेखी यादी करणाऱ्यालाच काम द्यावं. पाहणीत सुटलेलं लोखंडी कपाट ऐनवेळी ‘जादा सामान’ ठरतं, आणि अर्धं घर गाडीत चढल्यावर घासाघीस कसली करणार? वरचा मजला आणि बंद लिफ्ट यांचे पैसेही आधीच ठरवून घ्यावेत.

दोन दरांत फार तफावत दिसली तर स्वस्त दर बहुधा पार्टलोडचा असतो. त्यात सामान टेम्पोने गोदामात जातं, तिथे इतरांच्या सामानासोबत मोठ्या ट्रकमध्ये भरलं जातं आणि नागपुरात पुन्हा छोट्या गाडीत येतं. प्रत्येक नग तीनदा चढतो, तीनदा उतरतो. स्वतंत्र गाडी महाग पडते, पण चढउतार एकदाच. काचेचं आणि जुनं लाकडी सामान बरंच असेल तर मी तिथे पैसे वाचवणार नाही. समोरून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनचे वाहतुकीचे बोल्ट मात्र दोन्ही प्रकारांत लावायलाच हवेत. नाहीतर आतला ड्रम हिंदकळून बिघडतो.

नुकसान झालंच तर भरपाईही यादीवरच ठरते. मालवाहतुकीच्या नियमांनुसार वाहतूकदाराची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंत, आणि तीही आपण जाहीर केलेल्या किमतीच्या आतच असते. भाडं बारा हजार असेल तर मर्यादा एक लाख वीस हजार. पण कागदावर सामानाची किंमत पन्नास हजार लिहिली असेल तर पन्नास हजारच.

विम्यातही हीच गोम आहे. हप्ता वाचवायला चार लाखांचं सामान दोन लाखांचं दाखवलं आणि वीस हजारांचा टीव्ही फुटला, तर कमी विम्याच्या अटीमुळे दहा हजारच हाती येऊ शकतात. शिवाय आपण स्वतः भरलेली खोकी अनेक पॉलिसींत वगळलेली असतात. बिलात ‘इन्शुरन्स’ म्हणून रक्कम लावली असली तरी विमा कंपनीचं प्रमाणपत्र मागावं. ते नसेल तर ती रक्कम पॅकर्सवाल्याच्याच खिशात गेली, असं धरून चालावं.

सामान उतरताना हातात यादी ठेवून एकेक नग तपासावा. ‘इथे सही करा, गाडी सोडायचीय’ अशी घाई होतेच. तरी आधी फोटो काढावेत, फुटलेल्या नगाची नोंद त्याच पावतीवर करावी आणि मगच सही करावी. वाहतूकदारावर दावा लावायचा तर आधी लेखी नोटीस द्यावी लागते. तिची मुदत 180 दिवसांची, आणि ती सामान पोचल्यापासून नाही, बुकिंगच्या तारखेपासून मोजतात.