शेवटचा जोड कुणाला विकला?

कोल्हापुरातलं एखादं चपलांचं दुकान डोळ्यांसमोर आणा. काउंटरवर बिलिंग सॉफ्टवेअर आहे, वेबसाइटवरही विक्री चालते आणि दर पंधरा मिनिटांनी बिलिंगमधला साठा आपोआप वेबसाइटवर जातो. तरीही दुकानात नसलेल्या चपलेची ऑर्डर येतेच, पैसे परत करावे लागतात आणि गिऱ्हाईक दुखावतं.

हे कसं घडतं ते आठ नंबरच्या एका चपलेवरून पाहू. अकरा वाजता तिचे तीन जोड आहेत, दोन्हीकडे आकडा 3. अकरा पाचला वेबसाइटवर दोन जोड विकले जातात. तिथे 1 उरतो, पण बिलिंगला याचा पत्ता नाही, तिथे 3 च. अकरा दहाला काउंटरवर उरलेला जोड जातो आणि बिलिंगमध्ये 2 होतात. सव्वाअकराला बिलिंग वेबसाइटला कळवतं, ‘साठा 2’. वेबसाइट स्वतःचा 1 पुसून 2 लिहिते. फळीवर एकही जोड नाही आणि वेबसाइट दोन विकायला बसली आहे!

पंधरा मिनिटांचं एक मिनिट केलं तरी हा घोळ मिटत नाही, कारण दोष वेगाचा नाही, निरोपाचा आहे. ‘आता 2 आहेत’ ऐवजी ‘एक विकला’ असा निरोप जायला हवा आणि तो दोन्ही बाजूंनी. वेबसाइटची ऑर्डर बिलिंगमध्ये उतरली पाहिजे, काउंटरचं बिल वेबसाइटवर वजा झालं पाहिजे. मात्र नेट मध्येच तुटलं की तोच निरोप पुन्हा जातो आणि एक विक्री दोनदा वजा होते. म्हणून प्रत्येक निरोपासोबत बिल क्रमांक हवा. तो आधी येऊन गेला असेल, तर दुसऱ्यांदा वजाबाकी होता कामा नये.

एवढं करूनही एक फट राहतेच. गिऱ्हाईक जोड हातात घेऊन काउंटरकडे येत असतं, बिल अजून झालेलं नसतं आणि तेवढ्यात तोच जोड ऑनलाइन विकला जातो. हे कोणतंही सॉफ्टवेअर ओळखू शकत नाही. माझ्या मते शेवटचा जोड वेबसाइटवर दाखवूच नये. वूकॉमर्समध्ये इन्व्हेंटरीच्या सेटिंगमध्ये `Out of stock threshold` हा आकडा 0 ऐवजी 1 केला, की एक जोड उरताच वेबसाइट ‘माल संपला’ असं सांगते. एखादी ऑनलाइन विक्री हुकेल, पण दिलेला शब्द मोडणार नाही.

रात्री दुकान बंद झाल्यावर थोड्या मालाची हाताने मोजणी करून ती दोन्ही आकड्यांशी ताडून पाहावी. आठ नंबरचा एक जोड कमी आणि नऊचा एक जास्त भरला, तर जोडणीला दोष देऊ नका. बहुधा काउंटरवर नऊचा बारकोड स्कॅन करून आठचा जोड दिलेला असतो.