नोकरीवरून काढले होते का?

मुलाखतीत हा प्रश्न थेट आला, की ‘मीच राजीनामा दिला’ हे उत्तर सर्वांत धोक्याचे असते. निवड झाल्यावर बऱ्याच कंपन्या पार्श्वभूमी पडताळणी करतात. जुन्या कंपनीच्या एचआरला हुद्दा, कामाच्या तारखा, नोकरी संपण्याचे कारण आणि ‘या व्यक्तीला पुन्हा घ्याल का’ हे विचारले जाते. तिथे तफावत सापडली, तर हातात आलेले ऑफर लेटरही रद्द होते. कामावरून काढले जाण्यापेक्षा हे खोटेच जास्त महागात पडते.

खरे उत्तर चार-पाच वाक्यांत बसते. समजा, अकाउंट्समधल्या एकाला जीएसटीचे मासिक विवरणपत्र दोनदा २० तारखेच्या मुदतीनंतर भरल्यामुळे काढले. त्याने म्हणावे : “हो, मला कामावरून कमी केलं. विवरणपत्र दोनदा उशिरा गेलं, कंपनीला विलंब शुल्क भरावं लागलं. खरेदीची बिलं मी शेवटच्या आठवड्यापर्यंत साठवत होतो. आता ती रोजच्या रोज नोंदवतो.” एवढे बोलून थांबावे. अडखळतात लोक ते इथेच : शांतता सहन होत नाही आणि साहेबांच्या तक्रारी सुरू होतात.

कारणाचे शब्द मात्र सेवासमाप्तीच्या पत्राशी जुळायला हवेत; म्हणून ते पत्र आधी नीट वाचावे. त्यातले कारण मान्य नसेल, तर आधी कंपनीने लिहिलेले कारण सांगावे, मग आपली बाजू एका वाक्यात. प्रकरण कामगार न्यायालयात असेल, तर तेवढेच सांगून तपशील टाळणे रास्त आहे.