पहिल्या चष्म्याची खरेदी

सहा वर्षांच्या मुलाला चष्मा लागला की पहिली कुजबुज मोठ्यांचीच सुरू होते. ‘एवढ्या लहानपणी?’, ‘मोबाइल दिलात ना हातात!’ आणि मुलगी असेल तर कुणीतरी थेट तिच्या लग्नापर्यंत पोचतं. मूल तिथेच चित्र रंगवत बसलेलं असतं, सगळं ऐकत असतं. वर्गातल्या कुणी ‘ढापण्या’ म्हणायच्या आधीच चष्मा ही लाजेची गोष्ट असल्याचं त्याला घरात कळलेलं असतं. म्हणून चष्म्याच्या दुकानात जायचा दिवस नव्या सायकलीच्या खरेदीसारखा साजरा करावा, असं म्हटलं तर ते नुसतं लाडाचं बोलणं नव्हे. काही मुलांच्या बाबतीत त्याला डोळ्यांच्या शास्त्राचाही आधार आहे.

पहिलीतली एक मुलगी डोळ्यांसमोर आणू. तिला मनू म्हणू. शाळेतल्या तपासणीत एकेक डोळा झाकून अक्षरं वाचायला सांगितली, तेव्हा डाव्या डोळ्याने तिला वरच्या दोनच ओळी वाचता आल्या. घरात कुणाला पत्ताच नव्हता, कारण दोन्ही डोळे उघडे असताना मनूला फळ्यावरचं सगळं दिसत होतं. डॉक्टरांनी बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घालून नंबर काढला. लहान मुलं जोर लावून नजर जुळवून घेतात, त्यामुळे थेंबांशिवाय काढलेला नंबर फसवा असू शकतो. मनूचा नंबर निघाला उजव्या डोळ्याला +१.५०, डाव्याला +४.५०.

दोन्ही डोळे एकाच वेळी सारखाच जोर लावतात. उजव्याला जेवढा पुरतो तेवढा जोर लागला की चित्र स्पष्ट होतं आणि मेंदूचं काम भागतं. डावा डोळा मात्र कायम धूसरच पाहत राहतो. हळूहळू मेंदू त्याच्याकडे लक्ष देणं सोडून देतो. यालाच आळशी डोळा म्हणतात.

आता चष्मा आला की काय होईल? मायनस नंबरच्या मुलाला चष्मा घातल्याक्षणी झाडाची पानं सुटी सुटी दिसायला लागतात, फळा लखलखतो. चष्माच त्याचं बक्षीस असतो. मनूच्या नशिबी हा आनंद नाही. तिला आधीही दिसतच होतं, आणि डावा डोळा सुधारायला आठवडे लागणार, कदाचित महिने. डोळ्यांची जोर लावायची सवय सुटेपर्यंत लांबचं थोडं अंधुकही वाटू शकतं. ‘काहीच फरक नाही, उलट बोचतो’ अशी तिची तक्रार आली, तर ती खोटं बोलत नसते. चष्म्यातून लगेच काही मिळत नसल्यामुळे पहिल्या काही आठवड्यांचा आनंद तिला बाहेरून पुरवावा लागतो. छोट्या भेटींचं खरं काम इथे आहे.

आधी खरेदीबद्दल. तपासणीच्याच दिवशी फ्रेम निवडायला नेऊ नये. थेंबांमुळे जवळचं धूसर झालेलं असतं, दुकानातले दिवे डोळ्यांत खुपतात, आणि मूल कंटाळलेलं असतं. दुसऱ्या एखाद्या दिवशी, पोटभर खाऊन, निवांत जावं. दुकानदाराशी मोठ्यांनी आधी बोलून मापात बसणाऱ्या चार-पाच फ्रेमा बाजूला काढून घ्याव्यात आणि फक्त त्याच मुलापुढे ठेवाव्यात. त्यांतली कुठली, कुठल्या रंगाची, हे मात्र पूर्णपणे मुलानं ठरवावं. आजीला जांभळा आवडत नसला तरी.

मापात गणवेशाचा हिशोब चालत नाही. ‘वाढतं अंग आहे, जरा मोठी घेऊ’ म्हणून घेतलेली फ्रेम नाकावरून घसरते आणि मूल भिंगाच्या वरून बघायला लागतं, म्हणजे चष्मा असून नसल्यासारखा. काडीच्या आतल्या बाजूला बारीक आकडे असतात, उदाहरणार्थ ४२, १४, १२५. हे मिलिमीटर आहेत. पहिला भिंगाची रुंदी सांगतो, दुसरा नाकावरच्या पुलाची, तिसरा काडीची लांबी. पहिल्या दोहोंची बेरीज ५६. मनूच्या बाहुल्यांमधलं अंतर ५२ असेल, तर प्रत्येक भिंगाचा मध्य दोनच मिलिमीटर आत सरकवावा लागेल. तीच फ्रेम ४८ आणि १७ ची घेतली तर बेरीज ६५ होते आणि मध्य साडेसहा मिलिमीटर सरकवावा लागतो. त्यासाठी मोठं, मध्यभागी जाड भिंग लागतं. चष्मा जड होतो, आणि प्लस नंबरमुळे आधीच किंचित मोठा दिसणारा डोळा आणखी उठून दिसतो. लहान, नीट बसणारी फ्रेम हा लाज कमी करायचा सगळ्यांत सोपा उपाय आहे, तो असा.

फ्रेम घालून मनूला मनापासून हसायला सांगावं. गाल वर येऊन फ्रेम उचलली गेली तर ती नको. मग खाली वाकून चप्पल घालायला सांगावं. घसरली तर पूल रुंद आहे. आपल्याकडच्या बऱ्याच मुलांचं नाक या वयात बसकं असतं, त्यामुळे पुलाकडेच जास्त लक्ष द्यावं लागतं. काडी कानाच्या वरच्या टोकापाशीच वळायला हवी. भिंगं पॉलिकार्बोनेटची घ्यावीत. ती हलकी असतात आणि खेळताना सहसा फुटत नाहीत.

भेटी महागड्या नकोत, चष्म्याच्याच संसारातल्या हव्यात. फ्रेम ठरली त्या दिवशी डबी: मुलाला स्वतःला उघडता येणारी, कडक, आवडत्या चित्राची. दुकानातून मिळणारी काळी डबी मोठ्यांना चालते. चष्मा आला त्या दिवशी नाव भरतकाम केलेलं पुसायचं फडकं, आणि तारेचा इवलासा चष्मा लावलेली तिचीच जुनी बाहुली. खेळाच्या तासासाठी रंगीत पट्टा आठवडाभरानं, उत्साह ओसरायच्या सुमारास. चष्मा शनिवारी आणला तर सोमवारपर्यंत घरातल्या माणसांत तो अंगवळणी पडतो.

डबीचा उपयोग शाळेत दिसतो. ‘ए, चष्मिश!’ असं कुणी म्हणालं तर सहा वर्षांच्या मुलाला चोख प्रत्युत्तर सुचत नाही, पण ‘डबी बघायचीय?’ एवढं म्हणता येतं. सगळ्यांच्या नजरा चेहऱ्यावरून हातातल्या वस्तूकडे जातात. बाईंना आधी चिठ्ठी द्यावी, म्हणजे मनू चष्मा काढून दप्तरात ठेवते का, यावर त्यांचं लक्ष राहील. तिथेच खरा घोळ होतो. घरी सकाळ-संध्याकाळ लावलेला चष्मा शाळेचे पाच तास दप्तरातच पडून असतो.

एक पथ्य मात्र पाळावं. ‘आज चष्मा लावलास तर चॉकलेट’ हा रोजचा सौदा करू नये. मग चॉकलेट बंद झालं की चष्माही बंद. भेट प्रसंगाची असावी. लावणं हे दात घासण्याइतकं रोजचंच काम.

दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तपासणी होते. अशा आळशी डोळ्याच्या, तीन ते सात वर्षांच्या ८४ मुलांना केवळ चष्मा देऊन अमेरिकेत एक अभ्यास झाला होता. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत तीन चतुर्थांशांहून अधिक मुलांची नजर तक्त्यावर दोन किंवा अधिक ओळींनी सुधारली, आणि साधारण चौथ्या भागाचा दोष तर पुरता गेला. उरलेल्यांना चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावायची पाळी येते. मनूच्या वाट्याला ती आलीच, तर तिच्यासाठी चिकटचित्रं आधीच आणून ठेवावीत. एक चिकटचित्र पट्टीवर, एक बाहुलीच्या डोळ्यावर. आणि त्याच फेरीत दुकानात जाऊन सैल झालेले स्क्रू घट्ट करून घ्यावेत, काड्यांचा बाक पुन्हा बघून घ्यावा. दोन महिन्यांच्या खेळण्या-लोळण्यानंतर एकही चष्मा जागेवर राहत नाही.