स्फटिक दाबला तर वीज मिळेल का?

क्वार्ट्झच्या घड्याळात चिमट्याच्या आकाराचा एक बारीकसा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरत असतो. क्वार्ट्झवर ताण आला की त्याच्या पृष्ठभागावर विद्युतप्रभार उमटतो आणि वीज लावली की तो वाकतो. या गुणाला पीझोइलेक्ट्रिक म्हणतात. पिएर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये तो दाखवून दिला. मीठही स्फटिकच, आणि त्यात तर धन-ऋण आयन उघडउघड आहेत; तरी मिठाचा खडा कितीही दाबा, प्रभार येत नाही. याचे कारण अणूंच्या मांडणीच्या सममितीत आहे.

स्फटिक ठरावीक कोनातून फिरवला, आरशात पाहिला किंवा केंद्रातून उलटवला, तरी मांडणी होती तशीच दिसते. अशा क्रियांचे स्फटिकांत शक्य असलेले संच ३२च आहेत. त्यांना बिंदुगट म्हणतात. त्यांच्याबद्दल पहिला प्रश्न असा: सममितीचे केंद्र आहे का? मिठात आहे. सोडियमच्या आयनापासून एका दिशेला जे दिसते, तेच नेमके विरुद्ध दिशेलाही असते. दाबही दोन्ही बाजूंनी सारखाच पडतो, म्हणून तो हे केंद्र मोडत नाही. विद्युत ध्रुवण मात्र बाणासारखे असते. उलटवले की त्याची दिशा बदलते. उलटूनही तसाच राहणारा बाण एकच, शून्य लांबीचा. या एका युक्तिवादाने ११ गट बाद होतात आणि २१ उरतात.

आता क्वार्ट्झ घेऊ. त्याच्या गटाचे नाव 32, उच्चार तीन-दोन (एकूण गटही ३२, हा निव्वळ योगायोग). त्यात एक उभा अक्ष आहे. त्याभोवती एक-तृतीयांश फेरा दिला की मांडणी पुन्हा तीच. त्याला काटकोनात तीन आडवे अक्ष आहेत, त्यांच्याभोवती अर्धा फेरा चालतो. उभ्या अक्षाच्या दिशेने दाबले तर यातले काहीच मोडत नाही. बाण उभा असावा म्हटले तर आडवा अक्ष त्याला उलटवतो, आडवा असावा म्हटले तर उभा अक्ष त्याला फिरवून टाकतो. म्हणजे प्रभार शून्य. तोच स्फटिक आडव्या अक्षाच्या दिशेने दाबा. तीनची सममिती मोडते, बाकीचे दोन आडवे अक्षही जातात, आणि दाबाच्या दिशेचा तेवढा एकच अक्ष उरतो. त्याच्यावर पडलेला बाण अर्ध्या फेऱ्याने हलत नाही, म्हणून तिथे प्रभार येऊ शकतो आणि येतोही: एका न्यूटनच्या जोराला सुमारे २.३ पिकोकूलोम. हा आकडा सममिती सांगत नाही, तो मोजावा लागतो. सममिती फक्त कुठे मिळणारच नाही आणि कुठे मिळू शकेल, एवढे सांगते.

उरलेल्या २१ गटांत 432 हा एक वेगळा निघतो. त्यात केंद्र नाही, पण फिरवण्याचे अक्ष इतके आहेत की कसाही दाबला तरी प्रभार जमत नाही. म्हणून पीझोइलेक्ट्रिक गट २०.

फेरोइलेक्ट्रिकसाठी अट आणखी कडक आहे. दाब नसतानाही बाण हवा, आणि बाहेरच्या विद्युतक्षेत्राने तो उलटवताही आला पाहिजे. मुळात बाणाला जागा देणारे गट १०च. 32 त्यांत नाही, म्हणून नेहमीचा क्वार्ट्झ फेरोइलेक्ट्रिक असू शकत नाही. बेरियम टायटॅनेट मात्र बसतो. सुमारे १२० अंश सेल्सियसच्या वर तो घनाकृती आणि केंद्र असलेला असतो, तेव्हा पीझोइलेक्ट्रिकही नसतो. त्याखाली थंड झाला की टायटॅनियम मधल्या जागेवरून थोडा सरकतो, त्या दिशेची बाजू सुमारे एक टक्का लांबते आणि गट होतो 4mm. सरकायला सहा सारख्याच दिशा होत्या, त्यांतली एक निवडली गेली. म्हणून पुरेसे क्षेत्र लावले की दुसरीकडेही वळवता येते. भाजून केलेल्या चकतीत असंख्य कण वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसतात आणि त्यांचे बाण एकमेकांना खोडतात. त्यामुळे चकतीला आधी जोराचे विद्युतक्षेत्र लावून ते एका दिशेला वळवावे लागतात. तोवर प्रत्येक कण ध्रुवीय असूनही चकती दाबून काही मिळत नाही.

टुरमलीनचा गट 3m, म्हणजे बाण आहे. पण तो क्षेत्राने उलटवता येत नाही, म्हणून टुरमलीन फेरोइलेक्ट्रिक नाही. बाण उलटतो की नाही, हे बिंदुगटावरून कळत नाही. त्यासाठी क्षेत्र मागेपुढे बदलत ध्रुवण मोजतात.

नवा पदार्थ हाती आला की खरी अडचण गट ठरवतानाच येते. नेहमीच्या क्ष-किरण चाचणीत समोरासमोरच्या परावर्तनांची तीव्रता जवळपास सारखीच येते, त्यामुळे केंद्र आहे की नाही ते सहज उमगत नाही. म्हणून पदार्थाच्या भुकटीवर १,०६४ नॅनोमीटरचा अवरक्त लेसर टाकून पाहतात. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश ठळक निघाला तर केंद्र नाही असे समजायला हरकत नाही. नाही निघाला, तर लगेच केंद्र आहे असे लिहून टाकू नये. संकेत फार क्षीण असू शकतो.