‘माझं नाव चोरलं’ असं लिहू नका

समजा, देवगडच्या एका बागायतदाराची घरबसल्या हापूस विकणारी वेबसाइट आहे. ऐन एप्रिलात गिऱ्हाइकांचे फोन येऊ लागतात: पैसे भरले, पेटी कुठाय? शोध घेतल्यावर दिसतं, त्याच नावात एक आडवी रेघ घालून कुणीतरी .com वर हुबेहूब दुकान थाटलंय. फोटोही यांच्याच बागेतले.

गिऱ्हाइकांनी आधी १९३० वर फोन करायचा, कारण गेलेले पैसे बँकेत अडवता आले तर पहिल्या काही तासांतच. साइट बंद करण्यासाठी पत्र लिहायचं ते डोमेन रजिस्ट्रारला, म्हणजे ते नाव ज्या कंपनीतून घेतलं गेलं तिला. lookup.icann.org वर नकली पत्ता टाकला की रजिस्ट्रारचं नाव आणि गैरवापराच्या तक्रारीसाठीचा ईमेल सहसा मिळतो. मालकाचं नाव बहुधा झाकलेलं असतं. त्यामागे वेळ घालवू नये.

बहुतेक पत्रं फसतात ती इथून पुढे. माणूस संतापून लिहितो, ‘माझं नाव चोरलं, तीस वर्षांचा धंदा आहे.’ पण नावावर हक्क कुणाचा, हा वाद रजिस्ट्रार सोडवत नाही. .com साठी त्याची वाट यूडीआरपी नावाच्या लवादाकडे जाते आणि तिथे नुसतं शुल्कच बऱ्याचदा दीड हजार डॉलरच्या आसपास. आंब्याचा हंगाम तोवर संपेल! फिशिंगचं मात्र वेगळं आहे. आयकॅन या संस्थेच्या करारानुसार एप्रिल २०२४पासून, फिशिंगचा ठोस पुरावा आला तर .com विकणाऱ्या रजिस्ट्रारला ते थांबवण्यासाठी पावलं उचलावीच लागतात.

म्हणून पत्र थंड डोक्याने, असं:

‘तुमच्याकडे नोंदलेल्या अमुक डोमेनवर आमच्या दुकानाची नक्कल करून गिऱ्हाइकांकडून कार्ड क्रमांक आणि ओटीपी घेतले जात आहेत. ते पान या पूर्ण पत्त्यावर, भारतीय वेळेनुसार अमुक तारखेला सकाळी १०.४० वाजता, मोबाइलवर दिसले. आमची खरी साइट ही. दोन्हींचे स्क्रीनशॉट आणि गिऱ्हाइकाला आलेला मेसेज जोडला आहे.’

स्क्रीनशॉटमध्ये वरचा पत्ता दिसलाच पाहिजे. ‘मोबाइलवर’ हा शब्दही महत्त्वाचा. काही ठग पान फक्त फोनवर किंवा फक्त भारतातूनच दाखवतात. परदेशातला तपासनीस संगणकावर उघडतो, त्याला कोरं पान दिसतं आणि तक्रार तिथेच मिटते.

साइट नुसता क्यूआर कोड दाखवून पैसे घेत असेल, तर ‘हे फिशिंग नव्हे, साधी फसवणूक’ म्हणून रजिस्ट्रार हात झटकू शकतो. तेव्हा साइट ज्याच्या सर्व्हरवर आहे त्या होस्टिंग कंपनीला तेच पत्र पाठवावं, आणि पोलिसांतल्या तक्रारीची प्रत दोघांनाही द्यावी.

पत्र मिळाल्याची पोच देणं रजिस्ट्रारला बंधनकारक आहे. कारवाई झाली का, हे मात्र स्वतःच पाहायचं: त्याच शोधपानावर डोमेनच्या स्थितीत client hold असं आलं, की ते नाव इंटरनेटवरून उतरवलं गेलंय.