बारा महिन्यांचा घरखर्च एका तक्त्यात

घरखर्च एक्सेलमध्ये मांडायचा म्हटलं की बहुतेक जण वरच्या ओळीत एप्रिल ते मार्च असे महिने लिहितात, डावीकडे किराणा, दूध, वीज, पेट्रोल अशी खाती लिहितात आणि मधल्या चौकोनांत आकडे भरू लागतात. तक्ता दिसतो छान. पण ऑगस्टच्या किराण्याच्या चौकोनात ९,४०० असा आकडा असला, तर तो कोणत्या बिलांचा हे महिन्याभराने कुणालाच सांगता येत नाही. शिवाय एक आकडा चुकला तर चूक शोधायची कुठे, हाही प्रश्न उरतोच. पिव्होट टेबल नेमका हाच तक्ता करून देतं, पण तो त्याच्यावर सोडायचा असतो. आपण फक्त साधी, लांबलचक, उभी यादी लिहायची.

त्या यादीत चार रकाने पुरतात: तारीख, खाते, तपशील, रक्कम. एका खर्चाला एक ओळ. ५ एप्रिलला भाजी आणि औषधं दोन्ही घेतली तर ओळी दोन. मध्ये रिकामी ओळ नको, प्रत्येक महिन्याखाली बेरीज नको, वेगळ्या महिन्याला वेगळं पान तर मुळीच नको. वहीत आपण महिना संपला की रेघ मारून बेरीज लिहितो. ती सवय इथे अंगाशी येते, कारण बेरजेची ओळही पिव्होटला एक खर्चच वाटते आणि एकूण आकडा फुगतो.

यादी झाली की तिच्यातल्या कुठल्याही चौकोनात क्लिक करून Ctrl+T दाबा. यादीचं टेबल होतं. मग Insert मध्ये PivotTable निवडा. नव्या पानावर उजवीकडे चार खणांची पट्टी उघडते. ‘खाते’ Rows मध्ये ओढा, ‘तारीख’ Columns मध्ये आणि ‘रक्कम’ Values मध्ये. एवढ्यात तक्ता तयार होतो. कमी कष्ट इथे आहेत, खरं काम पुढे आहे.

आपलं वर्ष एप्रिल ते मार्च. म्हणजे 2024-25च्या हिशेबात दोन कॅलेंडर वर्षं येतात. एक्सेलच्या 2016नंतरच्या आवृत्त्या तारखांचे गट स्वतःच करतात, त्यामुळे सुरुवातीला 2024 आणि 2025 असे दोनच रकाने दिसतात. शेजारच्या अधिक चिन्हावर क्लिक केलं की आत तिमाही आणि महिने सापडतात. ही तिमाही जानेवारीपासून मोजलेली असते, आपल्या उपयोगाची नाही. म्हणून एखाद्या तारखेवर उजवं क्लिक करून Group निवडा आणि Months व Years एवढेच निळे ठेवा. Years काढून टाकायचा मोह होतो, तो टाळा. नुसते महिने ठेवले तर तक्ता जानेवारीपासून सुरू होतो आणि 2025चा जानेवारी 2024च्या एप्रिलच्या आधी जाऊन बसतो. दोन वर्षांची यादी असेल तर दोन्ही एप्रिल एकाच रकान्यात मिसळतात आणि एक्सेल चकार शब्द काढत नाही.

कधी Group म्हटल्यावर Cannot group that selection असा निरोप येतो. बहुतेकदा याचा अर्थ काही तारखा तारखा नसून नुसता मजकूर आहेत. संगणकाची मांडणी अमेरिकन असेल तर 13/04/2024 ही तारीख त्याला कळतच नाही, कारण तेरावा महिना नसतो. ती मजकूर म्हणून चौकोनाच्या डाव्या कडेला चिकटून राहते. खरी तारीख उजवीकडे सरकते. या डावीकडच्या तारखा डोळ्यांना दिसतात तरी. धोका दुसऱ्या प्रकारात आहे: 05/04/2024 हे त्याला कळतं, पण ५ एप्रिल म्हणून नव्हे, ४ मे म्हणून. खर्च मुकाट दुसऱ्या महिन्यात जातो. म्हणून नोंदी सुरू करण्याआधीच विंडोजच्या Region मध्ये English (India) निवडलेलं असावं, आणि तारखेचा रकाना महिन्याच्या नावासह दिसेल असा ठेवावा. 05-Apr-2024 असं दिसत असेल तर घोळ लगेच लक्षात येतो.

रकमेचंही तसंच. Values मध्ये बेरजेऐवजी Count of रक्कम आलं, तर रकान्यात कुठेतरी ‘१२०० रु.’ असं लिहिलेलं किंवा चौकोन रिकामा राहिलेला असतो. उजवं क्लिक करून Summarize Values By मधून Sum निवडता येतं, पण मजकुरातल्या त्या रकमा बेरजेत धरल्याच जात नाहीत. रक्कम D रकान्यात असेल तर बाजूच्या मोकळ्या चौकोनात हे लिहून पाहा:

```
=COUNTA(D2:D700)-COUNT(D2:D700)
```

उत्तर शून्य असायला हवं. तीन आलं तर तीन रकमा हिशेबाबाहेर आहेत.

खात्यांची नावं एकसारखी हवीत, हे सांगायला सोपं आणि पाळायला कठीण. ‘वीजबिल’, ‘वीज बिल’ आणि शेवटी चुकून स्पेस पडलेलं ‘वीजबिल ’ ही पिव्होटसाठी तीन वेगळी खाती. Data Validation मध्ये List देऊन खाती निवडायचीच सोय केली, तर हा त्रास संपतो.

आता तक्ता वाचायचा. समजा, वर्षभरात किराण्याच्या ७२ ओळी आहेत आणि एकूण १,०८,००० रुपये. विम्याचा हप्ता वर्षातून एकदा, मे महिन्यात, २४,००० रुपये. सरासरी हवी म्हणून Sum च्या जागी Average निवडलं, तर किराण्यापुढे १,५०० आणि विम्यापुढे २४,००० दिसतं. विमाच घर खातोय असं वाटेल. पण ही सरासरी एका बिलाची आहे, एका महिन्याची नव्हे. महिन्याची हवी असेल तर एकूण बेरजेला बाराने भागा: किराणा ९,०००, विमा २,०००. पिव्होटच्या तक्त्यात लोक सर्वांत जास्त फसतात ते इथेच, असं माझं मत आहे.

दुसरी गोष्ट सणांची. पिव्होटला महिना कळतो, तिथी कळत नाही. 2024मध्ये धनत्रयोदशी २९ ऑक्टोबरला होती आणि भाऊबीज ३ नोव्हेंबरला, त्यामुळे दिवाळीचा खर्च दोन महिन्यांत विभागला गेला. पुढच्या वर्षी अख्खी दिवाळी ऑक्टोबरातच आटोपली. नोव्हेंबरची नोव्हेंबरशी तुलना केली, तर काटकसर झाल्याचा भास होईल. गंमत म्हणजे 2024-25 या आर्थिक वर्षात गुढीपाडवे दोन आले, ९ एप्रिल 2024 आणि ३० मार्च 2025. तेव्हा सणाचा खर्च किराणा-कपड्यांत न मिसळता ‘सण’ या वेगळ्या खात्यात लिहावा आणि त्याची वर्षाची बेरीजच पाहावी.

एखादा आकडा खटकला, उदाहरणार्थ सप्टेंबरच्या औषधांचा, तर त्यावर डबल-क्लिक करा. त्या आकड्यामागच्या सगळ्या ओळी तारीख-तपशिलासह नव्या पानावर उघडतात. क्रेडिट कार्डाचा घोळही असाच सापडतो: कार्डावरची खरेदी एकदा लिहिलेली असते आणि कार्डाचं बिल भरल्यावर पुन्हा. दोन्हींतलं एकच ठेवायचं, आणि ते खरेदीचं. मात्र दुरुस्ती त्या नव्या पानावर करू नका, ती नुसती प्रत असते. मूळ यादीत करा आणि मग तक्त्यावर उजवं क्लिक करून Refresh दाबा, कारण तोपर्यंत तक्ता सहसा जुनेच आकडे दाखवत राहतो.