हा आकडा कुठून आला?

खाली सांगितलेली गोष्ट रचलेली आहे. तिच्यातला दुष्काळ, पुस्तक आणि आकडा मात्र खरे आहेत, आणि असा वाद महाविद्यालयात शिकलेल्या बहुतेकांनी कधी ना कधी ऐकलेला असतो.

रात्रीचा एक वाजला होता. प्रकल्प सकाळी नऊला जमा करायचा होता. विषय होता १९७२चा दुष्काळ आणि रोजगार हमी योजना. कोथरूडला प्रणिताच्या घरी, हॉलमध्ये, चौघं जण दबक्या आवाजात भांडत होते, कारण आत आईबाबा झोपलेले. भांडणाचं कारण मॅडमनी संध्याकाळी मसुद्यात टाकलेला एक शेरा. ‘दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख लोक होते’ या वाक्यापुढे त्यांनी विचारलं होतं, ‘हा आकडा कुठून?’

“सायली, तुझ्या परिच्छेदात आहे तो.”

“परिच्छेद माझा, पण आकडा इम्रानने पाठवलेल्या फोटोतला.”

“मी सात पानांचे फोटो पाठवले. पुस्तक कुठलं, हे एकाने तरी विचारलं का?”

“अरे, फोटो काढणाऱ्याने सांगायला नको?”

“संदर्भ प्रणिताकडे होते. वाटणीत तसंच लिहिलंय,” किरण म्हणाला.

“मला काल तुम्ही नुसत्या लिंका पाठवल्यात,” प्रणिता म्हणाली. “त्यांत हे पुस्तकच नाही. मी काय त्याचं नाव स्वप्नात बघायचं?”

शेवटी इम्रानने गूगल डॉक्समध्ये Version history उघडली. कुणी काय कधी लिहिलं, कुणी काय खोडलं, हे तिथे प्रत्येकाच्या नावाने आणि रंगाने दिसतं. पन्नास लाखांचं वाक्य सायलीने टाकलेलं होतं, हे लगेच कळलं. पण वाक्य कुणी टाइप केलं एवढंच तिथे कळतं, ते कुठून घेतलं हे कळत नाही. दुसरीकडून उचलून चिकटवलेला मजकूर चिकटवणाऱ्याच्या नावावर जातो. दोन दिवसांपूर्वीच्या आवृत्तीत मात्र एक वेगळीच गोष्ट सापडली. सायलीचं मूळ वाक्य होतं, ‘मे १९७३मध्ये, मदतकार्य ऐन भरात असताना, दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख मजूर होते.’ त्यातला महिना किरणने काढला होता आणि ‘मजूर’चं ‘लोक’ केलं होतं.

“वाक्य लांब होत होतं,” किरण म्हणाला.

आता हा बदल किती मोठा आहे ते पाहा. १९७१च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या पाच कोटी चार लाखांच्या आसपास होती. म्हणजे पन्नास लाख हा जवळजवळ दहावा हिस्सा. गटाने पुढच्या पानावर तसं लिहिलंही होतं: ‘दुष्काळात राज्यातली दहा टक्के जनता खडी फोडत होती.’ महिना गेल्यामुळे उन्हाळ्यातल्या सर्वोच्च हजेरीचा आकडा सगळ्या दुष्काळाचा होऊन बसला. पावसाळ्यात शेतीची कामं निघाली की अशा कामांवरची हजेरी घटते, हे वाचणाऱ्याला कळायला वाव उरला नाही. शिवाय हजेरीवरच्या मजुरांची मोजणी आणि त्या मजुरीवर जगणाऱ्या माणसांची मोजणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मजुराच्या मागे घरी लहान मुलं, म्हातारी माणसं असतात. ‘लोक’ म्हटलं की ती गणतीत आहेत की नाहीत, हे सांगता येत नाही. पुस्तकाचं नाव सोबत असतं तर किरणला पान उघडून मूळ वाक्य बघता आलं असतं. ते नव्हतं, म्हणून त्याने वाक्य नुसतं भाषेच्या अंगाने तपासलं.

मला या भांडणात सर्वांत चुकीची वाटते ती वाटणी. ‘संदर्भ: प्रणिता’ ही ओळ दिसायला नीटनेटकी आहे, पण ते काम शेवटी एका माणसाने करण्यासारखं नसतंच. पुस्तक इम्रानच्या हातात होतं तेव्हाच मुखपृष्ठाच्या आतलं शीर्षकपान आणि त्याच्या मागचं प्रकाशनवर्षाचं पान असे दोन फोटो आधी काढायला हवे होते. सायलीने वाक्य लिहितानाच त्यापुढे कंसात लेखक, वर्ष आणि पान टाकायला हवं होतं, आणि वाक्याला कात्री लावणाऱ्याने कंस तसाच ठेवून त्या पानाशी ताडून पाहायला हवं होतं. प्रणिताच्या हाती यादी आली तेव्हा माहिती तीन हातांतून गळून गेलेली होती.

दीडच्या सुमाराला शोध सुरू झाला. सात फोटोंपैकी एकाच्या वरच्या कडेला प्रकरणाचं नाव निम्मं दिसत होतं आणि पानाचा क्रमांक शाबूत होता. पानावरचा सात-आठ शब्दांचा एक तुकडा अवतरणचिन्हांत घालून शोधल्यावर ज्याँ द्रेझ यांचा भारतातल्या दुष्काळनिवारणावरचा लेख निघाला. द्रेझ आणि अमर्त्य सेन यांनी संपादित केलेल्या ‘द पोलिटिकल इकॉनॉमी ऑफ हंगर’ या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात, १९९० साली, तो छापलेला आहे. पण तोच लेख आधी स्वतंत्र निबंध म्हणूनही निघाला होता. दोन्हींत मजकूर जवळचा, पानांचे क्रमांक वेगळे. जालावर शब्द सापडले म्हणजे आपण वाचलेली प्रत सापडली असं होत नाही. फोटोतला क्रमांक ग्रंथातल्या पानाशी जुळला, तेव्हाच इम्रानने नोंद केली.

किरणने मध्येच एक सोपा मार्ग सुचवला होता. “हाच आकडा ज्यात आहे असं कुठलंही पुस्तक टाकूया ना.” प्रणिता नाही म्हणाली, आणि तिचं बरोबर होतं. न वाचलेल्या पुस्तकाचं नाव देणं म्हणजे वाचल्याची खोटी साक्ष देणं. ही सवय मुलांपुरती नाही. मिखाइल सिमकिन आणि वाणी रायचौधुरी या दोन संशोधकांनी २००३ साली भौतिकशास्त्रातल्या एका गाजलेल्या लेखाचे सुमारे ४,३०० दाखले तपासले. त्यांतल्या १९६ दाखल्यांत छपाईच्या चुका होत्या, आणि पानाच्या क्रमांकातली एकच चूक ७८ ठिकाणी जशीच्या तशी होती. इतक्या जणांच्या हातून योगायोगाने तीच चूक होणं शक्य नाही. त्यांनी दाखला मूळ लेखावरून न घेता दुसऱ्याच्या यादीतून उतरवून घेतला होता.

अडीचला वाक्य दुरुस्त झालं. महिना परत आला, ‘मजूर’ परत आले, दहा टक्क्यांचं वाक्य गेलं. मजुरांची मोजदाद द्रेझ यांनी स्वतः केलेली नव्हती, ती सरकारी यंत्रणेची होती. म्हणून तळटीपेत आकडा द्रेझ यांच्या लेखातून घेतल्याचं स्पष्ट लिहिलं. सरकारी कागद पाहिल्याचा आव आणला नाही.

मग सायलीने विचारलं, “आणि हे सुकडीचं? ‘कामावर मुलांना सुकडी मिळायची.’ हे कुठून?”

“ते माझ्या आजीने सांगितलंय,” किरण म्हणाला. “त्याला कसला संदर्भ?”

आजी खडीच्या कामावर स्वतः होती. तिचं सांगणं हा त्या प्रकल्पातला एकमेव प्रत्यक्ष साक्षीदाराचा पुरावा होता, आणि नेमका तोच कुठे नोंदवलेला नव्हता. तोंडी माहितीलाही नाव, गाव, कधी सांगितलं आणि कुणी विचारलं एवढं लागतंच. शिवाय नाव छापायला सांगणाऱ्याची परवानगी लागते. किरणने सकाळी सहाला फोन लावला. आजी उठलेलीच होती. तिने परवानगी दिली आणि एक दुरुस्तीही सांगितली: ती ज्या पाझर तलावावर होती तिथे सुकडी नव्हती, ती नंतर रस्त्याच्या कामावर मिळाली, आणि तिथे मोठ्यांनाही देत. किरणने तिचं बोलणं ऐकता ऐकता उतरवून घेतलं आणि खाली तारीख, गाव आणि ‘दूरध्वनीवरून’ असं लिहिलं.